तेच सहा आकडे

निवृत्त कारकून आहे, दर आठवड्याला लॉटरी लावतो आणि वर्षानुवर्षं आकडे तेच. एवढं ऐकलं की कथेचा शेवट कोणालाही सुचतो: एका आठवड्यात तिकीट काढायचं राहून जातं आणि नेमके त्याच दिवशी त्याचे आकडे लागतात. हा शेवट मला आळशी वाटतो. या माणसाच्या आयुष्यात खरोखर जे घडू शकतं, ते याहून चमत्कारिक आहे.

आधी ही कथा घडवायची कुठे? महाराष्ट्रात ती अवघड जाते. 1969पासून चालत आलेल्या आपल्या राज्य लॉटरीत तिकिटावर नंबर छापूनच येतो. विक्रेत्याने समोर धरलेल्या गड्ड्यातून आपण एक ओढून घेतो. पुढच्या आठवड्यात तोच नंबर मिळेल याची खात्री नाही. मटक्यात आकडा आपल्या मनाचा असतो, पण तो बेकायदा, आणि त्याची लय आठवड्याची नाही, रोजची. म्हणून मी हा कारकून ब्रिटनमध्ये नेतो. तिथल्या राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत 19 नोव्हेंबर 1994 रोजी, शनिवारी झाली. एक पौंड द्यायचा, 1 ते 49 मधले सहा आकडे छापील चिठ्ठीवर पेनाने खुणावायचे. नगरपालिकेच्या करखात्यातून निवृत्त झालेला आपला गृहस्थ बायकोमुलांच्या वाढदिवसांच्या तारखा खुणावतो: 4, 11, 19, 23, 28, 31.

सहाही आकडे लागण्याची शक्यता 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 मध्ये एक. दर शनिवारी न चुकता वीस वर्षं खेळला तरी ती साधारण साडेतेरा हजारांत एक इतकीच होते. आकडे तेच ठेवले काय आणि दर वेळी बदलले काय, गणित जराही हलत नाही, कारण मागच्या शनिवारी कोणता चेंडू बाहेर पडला हे यंत्राला ठाऊक नसतं. (तिथल्या सोडतयंत्रांना आर्थर, ग्विनिव्हियर अशी दंतकथेतली नावं होती. कथाकाराला हे आयतंच मिळतं.)

मग तो टिकून कसा राहतो? तीन आकडे जुळले की दहा पौंड मिळत, आणि तीन जुळण्याची शक्यता सुमारे 57 मध्ये एक. म्हणजे वर्षा-सव्वा वर्षातून एकदा दुकानदार त्याच्या हातावर दहाची नोट ठेवणार. वर्षाला बावन्न पौंड देऊन दहा परत. जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला हा तोटा दिसत नाही असं दाखवणं म्हणजे त्याला मूर्ख ठरवणं. मी तर त्याला वही ठेवायला लावीन, जमाखर्च अगदी चोख.

तोटा दिसूनही तो थांबू शकत नाही, कारण आकडे त्याला पाठ झालेत. दर वेळी नवे आकडे घेणारा एखादा शनिवार चुकवू शकतो. आपण काय घेतलं असतं हे त्याला कधीच कळणार नाही. आपल्या कारकुनाला मात्र ते नक्की कळेल. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी पत्त्याच्या पिनकोडवर निघते. तिकीट नसलं तरी आपल्या गल्लीचं नशीब फळफळल्याचं समजतंच. झेलेनबर्ग आणि पीटर्स या संशोधकांनी 2004मध्ये दाखवलं, की ‘पुढे पस्तावू’ ही भीती तिथल्या लोकांना नेहमीच्या लॉटरीपेक्षा या पिनकोडच्या लॉटरीकडे जास्त ओढते. कारकुनाच्या बाबतीतही पहिली काही वर्षं तो जिंकण्यासाठी खेळला असेल. पुढे तो पौंड म्हणजे पश्चात्तापाविरुद्धचा विमा झाला, आणि विम्याचा हप्ता चुकवायचा नसतो.

आता कथेतलं खरं वळण. ऑक्टोबर 2013मध्ये तिकीट दोन पौंडांचं झालं. त्याने कुरकुर करून वहीत नवा दर लिहिला. ऑक्टोबर 2015मध्ये 49च्या जागी 59 चेंडू आले. त्याचे सहा आकडे जसेच्या तसे राहिले, पण ते लागण्याची शक्यता साडेचार कोटींत एक झाली, म्हणजे तिपटीहून कठीण. एकवीस वर्षांच्या निष्ठेला न विचारता खेळच बदलून टाकला.

आणि त्याच बदलात एक बक्षीस आलं: दोन आकडे जुळले तर पुढच्या सोडतीचं तिकीट फुकट. दोन जुळण्याची शक्यता दहांत एक, म्हणजे वर्षातून पाचेक वेळा ते त्याला मिळणारच. फक्त त्या फुकट तिकिटावरचे आकडे यंत्र निवडतं.

कथा मी याच काउंटरवर सुरू करीन. एका हातात वाढदिवसांचे आकडे, दुसऱ्या हातात यंत्राने दिलेले परके सहा. दोन्हींची शक्यता अगदी सारखी आहे, हे त्याला पुरेपूर ठाऊक आहे. ते फुकट तिकीट तो वहीत कोणत्या बाजूला मांडतो, हे मला अजून ठरवायचं आहे. बहुधा तो त्यासाठी नवं पान उघडेल, आणि बायकोला ते पान दाखवणार नाही.