सर्वांत कमाईचे सलग दिवस

एका रसवंतीचा दहा दिवसांचा हिशोब घ्या. आकडे शेकडा रुपयांत आहेत आणि तोटा उणे चिन्हाने दाखवला आहे: 3, -5, 4, -1, 6, -2, -9, 5, 1, -3. कोणत्या सलग दिवसांत मिळून सर्वाधिक कमाई झाली? मधला एखादा तोट्याचा दिवस गाळता येणार नाही, ही अट. उत्तर म्हणून नुसती रक्कमही पुरणार नाही. कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, तेही सांगायचे आहे.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक सलग तुकडा बेरजून पाहणे. दहा दिवसांत असे 55 तुकडे पडतात. दिवस हजार असतील, तर तुकडे 5,00,500 होतात.

हा प्रश्न संगणकशास्त्रात आला तो 1977 मध्ये. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनँडर डिजिटल चित्रांतले आकृतिबंध शोधत होते. मूळ प्रश्न आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा होता; तो अवघड म्हणून त्यांनी आधी एकाच ओळीतल्या आकड्यांचा सोपा प्रश्न घेतला. मायकेल शेमॉस यांनी त्यावर ओळ निम्मी-निम्मी तोडत जाणारी वेगवान रीत काढली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी ती सांगितली, तेव्हा श्रोत्यांत संख्याशास्त्रज्ञ जे कडेन होते. त्यांनी मिनिटभरात त्याहून सोपी रीत मांडली, असे जॉन बेंटली यांनी 1984 मध्ये लिहून ठेवले आहे. कडेन यांच्या रीतीत आकडे डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचे असतात.

रीतीचा गाभा एका प्रश्नात आहे: आजच्या दिवशी संपणारा सर्वांत चांगला तुकडा कोणता? तो एक तर आजपासूनच सुरू होतो, नाहीतर काल संपलेल्या सर्वांत चांगल्या तुकड्याला आजचा आकडा जोडून होतो. तिसरी शक्यताच नाही. म्हणून कालपर्यंतची चालू बेरीज उणे असेल तर ती सोडून द्यायची आणि आजपासून नवी सुरुवात करायची. नसेल तर आजचा आकडा तिच्यात मिळवायचा. दरवेळी आतापर्यंतच्या उच्चांकाशी तुलना करायची.

आता हिशोब चालवू. पहिल्या दिवशी चालू बेरीज 3, उच्चांकही 3. दुसऱ्या दिवशी बेरीज -2 झाली. म्हणून तिसऱ्या दिवशी जुने सोडून नवी सुरुवात: बेरीज 4, उच्चांक 4. चौथ्या दिवशी 3, पाचव्या दिवशी 9. हा नवा उच्चांक, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचा. पुढे 7, मग -2. आठव्या दिवशी पुन्हा नवी सुरुवात: 5, मग 6, शेवटी 3. उच्चांक 9 वरच राहिला.

चूक होते ती नेमकी जागा नोंदवताना. सुरुवातीचा दिवस एकाच खणात ठेवला, तर आठव्या दिवशी त्यातला 3 पुसून 8 लिहिला जातो आणि उत्तर येते ‘आठव्या दिवसापासून पाचव्यापर्यंत’. रक्कम बरोबर, पत्ता चुकलेला! म्हणून चालू तुकड्याची सुरुवात वेगळी आणि उच्चांकाची सुरुवात वेगळी ठेवावी लागते. उच्चांक मोडला, तरच पहिली दुसरीत उतरवायची आणि त्याच क्षणी शेवटही नोंदवायचा. खालच्या पायथन कोडमध्ये `s` ही चालू सुरुवात आहे, तर `start` उच्चांकाची:

```python
x = [3, -5, 4, -1, 6, -2, -9, 5, 1, -3]
cur = best = x[0]
s = start = end = 0
for i in range(1, len(x)):
    if cur < 0:
        cur, s = x[i], i
    else:
        cur += x[i]
    if cur > best:
        best, start, end = cur, s, i
print(best, start + 1, end + 1)
```

पडद्यावर `9 3 5` उमटते. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून छापताना दोन्ही जागांत एक मिळवला आहे.

दुसरी चूक सुरुवातीच्या उच्चांकाची. तो शून्य धरला आणि सगळेच दिवस तोट्याचे निघाले, समजा -4, -2, -7, तर उत्तर शून्य येते आणि ते कोणत्याच दिवसाचे नसते. निदान एक दिवस निवडायचाच असेल, तर खरे उत्तर -2, दुसरा दिवस. म्हणूनच उच्चांक पहिल्या आकड्यापासून सुरू केला आहे.

एकाच रकमेचे दोन तुकडे निघाले, तर हा कोड आधी संपणारा ठेवतो. चालू बेरीज बरोबर शून्य असताना तो जुना तुकडा सोडत नाही, त्यामुळे त्याच दिवशी संपणाऱ्या बरोबरीच्या तुकड्यांपैकी लांबचा मिळतो. आखूड हवा असेल, तर `cur < 0` च्या जागी `cur <= 0` लिहावे.

आपला कोड तपासताना मिळालेल्या दोन जागांमधले आकडे हाताने बेरजून पाहा. ती बेरीज सांगितलेल्या रकमेशी जुळली नाही, तर जागांच्या नोंदीत चूक आहे. जुळली, तरी हाच तुकडा सर्वोत्तम असल्याची खात्री त्याने होत नाही. त्यासाठी लहान यादी घेऊन सगळे तुकडे एकदा मोजून पाहावेत.