आठवड्याचं पाकीट रोज घेतलं तर?

(सोसायटीच्या आरोग्य-संध्याकाळीसाठी लिहिलेलं भाषण)

भात की पोळी, तूप की तेल, हे वाद आज बाजूला ठेवू. आज मला मुख्यतः एकाच वस्तूबद्दल बोलायचं आहे, कारण ती इथल्या बऱ्याच घरांमध्ये औषधांच्या डब्यात असेल. ती म्हणजे डी थ्रीचं पाकीट. आणि शेवटी थोडं बी ट्वेल्व्हबद्दल, कारण रिपोर्टमध्ये ही दोन नावं बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

"व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. सी किंवा बी गटाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण ती पाण्यात विरघळतात. 'डी' चरबीत विरघळतं. ते अंगातल्या चरबीत साठून राहतं आणि साठलेलं बाहेर पडायला आठवडे, कधी महिने लागतात.

आता मात्रा पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट डी लागतं. पाकिटावर ६०,००० लिहिलेलं असतं. म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांची गरज भरलेली आहे. रिकामं झालेलं कोठार लवकर भरावं म्हणून डॉक्टर आठवड्याला एक, असं साधारण आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक किंवा रोजची छोटी गोळी सांगतात. या पद्धतीत गैर काहीच नाही. घोटाळा होतो तो घरी आल्यावर.

एक उदाहरण घेऊ. ते कुण्या एका व्यक्तीचं नाही, पण असंच घडतं. बासष्ट वर्षांच्या एक काकू आहेत. गुडघे दुखतात, थकवा येतो. तपासणीत डी ११ येतं, म्हणजे खरोखरच कमी. डॉक्टर आठवड्याला एक पाकीट लिहून देतात. काकूंच्या डब्यात बीपीची आणि थायरॉइडची गोळी रोजची आहे, त्यांच्या शेजारी हे पाकीट जातं आणि तेही रोज दुधातून घेतलं जातं. संपलं की मुलगा जुन्या चिठ्ठीवर आणखी आणतो. महिन्यात जिथे चार-पाच पाकिटं जायला हवीत तिथे तीस जातात, म्हणजे १८ लाख युनिट.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. फसगत होते ती इथेच. काही आठवड्यांनी भूक मंदावते, मळमळतं, पोट साफ होत नाही. मग तहान वाढते, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. घरच्यांना शुगरची शंका येते, पण शुगर नॉर्मल निघते. काकूंना अशक्तपणा वाटतो म्हणून कोणीतरी कॅल्शियमची गोळी आणून देतं, आणि तिच्यातही डी असतंच. शेवटी काकू बोलताना अडखळू लागतात, दिवसभर झोपून राहतात आणि दवाखान्यात न्यावं लागतं. तिथे रक्तातलं कॅल्शियम १३.५ निघतं. ते साधारण ८.५ ते १०.५ च्या दरम्यान असायला हवं. क्रिएटिनिनही वाढलेलं असतं, म्हणजे मूत्रपिंडांना मार बसलेला असतो.

हे का झालं? डीचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम रक्तात ओढून घेण्याचं. डी फार झालं की कॅल्शियमचा ओघ थांबत नाही. रक्तात कॅल्शियम वाढलं की आतड्यांची हालचाल मंदावते म्हणून बद्धकोष्ठ. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही म्हणून वारंवार लघवी आणि तहान. मेंदूवर परिणाम म्हणून सुस्ती आणि गोंधळ. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, की डी कमी असताना थकवा येतो आणि फार झाल्यावरही अशक्तपणाच येतो. माणूस समजतो औषध पुरेसं पडत नाही, आणि आणखी घेतो.

पाकिटांचा कोर्स चालू असताना कोणी सहा लाखांचं इंजेक्शनही घेऊन येतं. म्हणून नवीन डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं, गोळ्या आणि पावडरी पिशवीत घालून न्या. प्रोटीन पावडर आणि मल्टिव्हिटॅमिनसुद्धा. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, टीबी आहे, किंवा बीपीसाठी थायझाइड गटातली लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी तर स्वतःच्या मनाने डी सुरूच करू नये. या सगळ्यांत कॅल्शियम वाढण्याचा किंवा त्याने त्रास होण्याचा धोका जास्त असतो. पाकिटं दीर्घकाळ चालली असतील आणि मी सांगितलेली लक्षणं असतील तर कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी या तीन तपासण्यांवरून चित्र स्पष्ट होतं. डी १०० च्या वर गेलं असेल तर पाकीट थांबवून डॉक्टरांना विचारा. १५० च्या वर विषबाधेची शक्यता गंभीरपणे धरायची.

मग ऊन? उन्हातून डी कधीच अति होत नाही, कारण गरजेपुरतं झालं की त्वचा जादा भाग निरुपयोगी पदार्थांत मोडून टाकते. पण बाल्कनीच्या बंद काचेमागे बसून पेपर वाचला तर डी जवळजवळ मिळतच नाही. लागणारे अतिनील किरण साधी काचही अडवते. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही ते फारच थोडे असतात. ते मुख्यतः अकरा ते तीनच्या दरम्यान पोहोचतात. आठवड्यातले काही दिवस थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून चालता आलं तर उपयोग होतो, चटका बसू न देता. मात्र आधीच खूप कमी असेल तर एवढ्याने भागत नाही, औषध घ्यावंच लागतं.

आता बी ट्वेल्व्ह. इथे गैरसमज वेगळा आहे: "गोळी लागू पडत नाही, सुईच हवी." हे रक्तातली कमतरता खूप असेल किंवा हातापायांत मुंग्या येत असतील तेव्हा बरोबर आहे, तिथे इंजेक्शननेच सुरुवात होते. इतर बहुतेकांना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी पुरते, कारण शोषण नीट होत नसलं तरी मोठ्या मात्रेतला अगदी थोडा भाग आतड्यातून आपोआप आत शिरतोच, आणि गरज दिवसाला जेमतेम दोन मायक्रोग्रॅमची आहे.

शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, पण एका ग्लासात साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणून चहापुरतं दूध पुरत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नका. तिच्यातलं बी ट्वेल्व्ह बहुतांशी आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपातलं असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी अधूनमधून पातळी तपासून घ्यावी. आणि रक्त कमी आहे म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी ट्वेल्व्ह कमी असेल तर नसांची हानी आतून चालूच राहते.

आज रात्री घरी गेल्यावर एवढं करा: डी थ्रीच्या प्रत्येक पाकिटावर पेनाने घ्यायची तारीख लिहा, सात दिवसांच्या अंतराने, आणि ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यातून काढून वेगळी ठेवा. कोर्स संपल्यावर उरलेली पाकिटं शेजाऱ्यांना देऊ नका.