फाइलीत आहे तेवढंच

सकाळी ८:४०. भोसरी एमआयडीसीतला जॉबवर्कचा कारखाना, पावणेदोनशे माणसं. गेटला लागून टाइम ऑफिस, आत दोन टेबलं आणि एक पंखा. मॅडम आल्या आल्या पंचिंग मशीनचा रिपोर्ट काढतात. पर्सोनेलचं सगळं काम त्यांच्या एकटीच्या अंगावर आहे. हजेरी, पगार, पीएफ, गेटपास आणि माजी कामगारांबद्दल येणारी पत्रं. पगार सव्वीस हजार. आज बुधवार आहे. उद्या गुरुवार, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. एका मेलचं उत्तर आजच जायला हवं, कारण त्याची मुदत उद्या संपते.

९:१५. मेल एका पडताळणी एजन्सीचा आहे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने स्टोअर असिस्टंट म्हणून एक मुलगा घेतला आहे. तो आधी इथे होता. सोबत दोन पानांचा फॉर्म आहे. कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, शेवटचा पगार किती, का सोडलं, वागणूक कशी, सचोटीबद्दल तक्रार होती का, परत घ्याल का. प्रत्येक प्रश्नासमोर मुलाने दिलेली माहिती छापली आहे. शेजारच्या रकान्यात मॅडमनी खरं काय ते भरायचं.

उत्तर नाही दिलं तर? मी विचारलं.

“तर ते रिपोर्टात ‘पडताळणी झाली नाही’ असं लिहितात. हिरवा शेरा मिळत नाही, पिवळा मिळतो. पोराची नोकरी लटकते.” म्हणजे गप्प बसल्यानेही नुकसान होतंच.

९:४०. फॉर्म भरण्याआधी मॅडम दोन गोष्टी बघतात. मेल खरंच त्या एजन्सीच्या पत्त्यावरून आला आहे का, आणि मुलाच्या सहीचं संमतिपत्र जोडलं आहे का. मेलमध्ये दिलेल्या मोबाइलवर त्या फोन करत नाहीत. एजन्सीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधतात, तिथे फोन लावतात आणि मेलमधला केस नंबर सांगून खात्री करून घेतात. संमतिपत्रावरची सही जुन्या राजीनाम्यावरच्या सहीशी ताडून बघायची, हे नंतर.

एवढं कशाला, असं वाटू शकतं. पण इथे फोन येतात. “मी अमुक कंपनीतून बोलतोय, तुमच्याकडचा तमुक कसा होता हो?” बोलणारा मुलीकडचा असतो, कधी वसुलीवाला असतो. त्यामुळे फोनवर माहिती द्यायची नाही, कोणालाच. लेखी विचारा, लेखी उत्तर मिळेल.

१०:२०. फाइल काढायची. सोडून गेलेल्यांच्या फायली ऑफिसवरच्या माळ्यावर. लोखंडी शिडी, वर पत्रा, पत्र्याखाली मे महिन्याचा उकाडा. शिपाई मामा शिडी धरतात आणि मॅडम ओढणी कमरेला खोचून वर चढतात. गठ्ठे वर्षाप्रमाणे बांधलेले आहेत, सुतळीने. २०२४ चा गठ्ठा सात-आठ किलोचा तरी असेल. तो खाली देताना मामांच्या डोक्यावर धूळ सांडते. टाचण्या गंजल्या आहेत, त्यांचे तांबडे डाग कागदावर उतरले आहेत. फाइल सापडायला अर्धा तास लागला. हात धुऊन मगच त्या फाइलीला हात लावतात.

११:००. पहिल्याच ओळीला गाडं अडलं. मुलाने लिहिलं आहे, जून २०१७ ते जुलै २०२४. फाइलीतलं नेमणूकपत्र १ एप्रिल २०१९ चं आहे. जवळजवळ दोन वर्षांचा फरक.

घाईतला माणूस इथे ‘तारीख जुळत नाही’ लिहून मोकळा होईल. तसं लिहिलं की रिपोर्टात लाल शेरा, आणि लाल शेरा म्हणजे उमेदवाराने खोटं लिहिलं. मॅडम लिहीत नाहीत. त्या कपाटातून लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या जुन्या याद्या काढतात. ठेकेदार दर महिन्याला बिलासोबत माणसांची यादी आणि पीएफच्या चलनाची प्रत देतो, त्याशिवाय बिल पास होत नाही. जून २०१७ च्या यादीत बोट फिरतं आणि थांबतं. नाव आहे. मार्च २०१९ पर्यंत दर महिन्याला आहे.

पोरगा खरं बोलत होता. तो याच गेटने आत यायचा, याच स्टोअरमध्ये पेट्या उचलायचा. फक्त तेव्हा त्याचा मालक कागदोपत्री ठेकेदार होता. ‘तुम्ही कुठे होता’ असं कोणी विचारलं तर या दोन वर्षांसाठी माणूस कंपनीचंच नाव सांगणार.

आता लिहायचं कसं? २०१७ पासून आमच्याकडे होता असं लिहिलं तर ते नोंदीला धरून नाही. २०१९ पासून होता एवढंच लिहिलं तर मुलगा खोटा ठरतो. मॅडम दोन वाक्यं लिहितात. पहिलं: कंपनीच्या पटावर १ एप्रिल २०१९ ते ३१ जुलै २०२४. दुसरं: त्याआधी जून २०१७ ते मार्च २०१९ या काळात ठेकेदारामार्फत याच कारखान्यात काम केल्याची नोंद आमच्याकडे आहे, त्या नोकरीची पडताळणी ठेकेदाराकडे करावी.

१२:१५. फाइलीत पुढे हिशोबाचा कागद. फुल अँड फायनल. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी त्याला २६ ने भागायचं, म्हणजे ६०० रुपये रोज. त्याचे पंधरा दिवस नऊ हजार. पटावरची पूर्ण वर्षं पाच. पंचेचाळीस हजार. कागदावर मुलाची सही आहे. ठेकेदाराकडची दोन वर्षं या हिशोबात नाहीत. कपात कसलीही नाही.

‘कपात नाही’ यावर मॅडमनी पेन्सिलीने खूण केली. का, ते पुढच्या कागदावर कळलं.

१२:३०. एप्रिल २०२४ ची कारणे दाखवा नोटीस. मार्चअखेरच्या स्टॉक मोजणीत कार्बाइड इन्सर्टचे चार डबे कमी भरले. इन्सर्ट म्हणजे लेथच्या टूलला लावायचं पातं, नखाएवढं. डब्यात दहा, एक नग तीन-चारशे रुपयांचा. खिशात मावतो आणि बाजारात लगेच विकला जातो. मुलाने उत्तर दिलं आहे, वळणदार मराठीत, एक पान. रात्रपाळीला स्टोअर उघडं असतं, ऑपरेटर चिठ्ठी न देता माल नेतात, किल्ली तिघांकडे असते. त्यावर पोच घेतल्याचा शिक्का. पुढे काही नाही. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, निकाल नाही. जूनच्या शेवटी राजीनामा. कारण लिहिलं आहे, घरगुती. महिन्याची नोटीस पूर्ण भरली.

१:०० ते १:३०. जेवण. डब्यात मेथी आणि भाकरी. कँटीनचा चहा दहा रुपये झाला आहे.

२:१०. वर्क्स मॅनेजर स्वतः आले. त्यांना या मेलबद्दल कळलं होतं.

“मॅडम, त्याचे हात स्वच्छ नव्हते. समोरच्यांना सांगायला नको? त्यांच्याही स्टोअरमध्ये हाच माल असतो.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. दुसऱ्याला सावध करावं ही भावना चांगलीच आहे. कायद्यानेही त्याला जागा ठेवली आहे. बदनामीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३५६, त्याला अपवाद देतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. पण सद्भाव म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी घेऊन, लक्ष देऊन केलेलं असलं तरच कायदा त्याला सद्भाव म्हणतो. इथे काळजी कोणी घेतली होती?

मॅडमनी फाइल त्यांच्यासमोर उघडी ठेवली. “साहेब, उद्या त्याने विचारलं, कशावरून? तर मी कुठला कागद दाखवू? तिघांकडे किल्ली होती. नोटीस एकालाच दिली. त्याने उत्तर दिलं, आपण चौकशी केली नाही. ग्रॅच्युइटीतून, पगारातून एक रुपया कापला नाही. मग आता लिहून कसं चालेल?”

“चौकशी करायला वेळ कुठे होता तेव्हा.”

“तेव्हा केली असती तर आज एक ओळ लिहिता आली असती. त्याच्या विरुद्ध, नाहीतर त्याच्या बाजूने.”

साहेब थोडा वेळ उभे राहिले. “मग फोनवर कानावर घालतो,” म्हणाले. मॅडम म्हणाल्या, फोनवरचं बोलणंही कंपनीचंच धरतात. साहेबांनी फाइल मिटली आणि शॉपवर गेले. मला या भांडणात मॅडमचं पटलं. रेफरन्समध्ये काय लिहिता येईल हे त्या एप्रिलमध्येच ठरून गेलं होतं. शंका खरी असेलही, पण ती तपासायचं काम ज्यांचं होतं त्यांनी केलं नाही. त्याची किंमत आता मुलाने भरायची हे योग्य नाही.

३:००. तरी फॉर्ममधला प्रश्न उरतोच. सचोटीबद्दल तक्रार होती का? ‘नाही’ लिहिलं तर नोटीस फाइलीत आहे. ‘हो’ लिहिलं तर आरोप सिद्ध झाल्यासारखा वाचला जाईल. एवढाच एक रकाना कोरा सोडला तर कोरी जागाच चुगली करेल.

मॅडमकडे यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे. वागणूक, सचोटी, परत घ्याल का, या तिन्ही प्रश्नांना तेच. कंपनी कोणत्याही माजी कर्मचाऱ्याबद्दल या मुद्द्यांवर अभिप्राय देत नाही. यातून अनुकूल किंवा प्रतिकूल अर्थ काढू नये. हे वाक्य सगळ्यांना लागतं, आणि सगळ्यांना लागतं म्हणूनच त्याला अर्थ आहे. गेल्या महिन्यात एका ग्राइंडरवाल्याचा फॉर्म आला होता. माणूस सोन्यासारखा, कधी खाडा नाही. त्यालाही हेच लिहिलं. मॅडमच्या जिवावर आलं होतं. पण चांगल्यासाठी चार शब्द जास्त लिहिले की पुढच्याच्या वेळी तेच वाक्य शिवीसारखं वाचलं जातं.

सोडण्याचं कारण: राजीनामा, स्वीकारला. देणी: पूर्ण चुकती. हुद्दा जुळतो. पगाराची माहिती देण्याला संमतिपत्रात परवानगी आहे, आकडा पगारपत्रकाशी जुळतो, म्हणून ‘बरोबर’. राजीनाम्यावरची सही आणि संमतिपत्रावरची सही शेजारी ठेवून पाहिली. ‘माहितीप्रमाणे’, ‘असं कळतं’ असे शब्द कुठेही नाहीत. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने कागदाचं नाव आहे: नेमणूकपत्र, राजीनामा, हिशोब, ठेकेदाराची यादी.

४:१०. प्रिंट, सही, शिक्का. स्टॅम्प पॅड सुकलं होतं, मामांनी शाईचे चार थेंब टाकले. स्कॅन करून मेल एजन्सीच्या पत्त्यावर, प्रत कंपनीच्या मालकांना. जावक रजिस्टरमध्ये क्रमांक पडला. तोच क्रमांक पत्राच्या माथ्यावर. बाहेर कोणी बनावट अनुभवपत्र फिरवलं तर मॅडम पहिल्यांदा हाच क्रमांक बघतात. रजिस्टरमध्ये त्या क्रमांकावर दुसरंच काही निघालं की पत्र खोटं.

४:५०. मुलाचाच फोन. एजन्सीने त्याला विचारलं होतं, तारखा का जुळत नाहीत म्हणून.

“मॅडम, मी खोटं नाही लिहिलं.”

“मला माहिती आहे. मी दोन्ही लिहिलंय. आता तू एक कर. पीएफच्या पोर्टलवर तुझी सर्व्हिस हिस्टरी उघड. तिथे ठेकेदाराची नोंद वेगळी दिसेल, आपली वेगळी. त्याचा स्क्रीनशॉट एजन्सीला पाठव. आणि यापुढे बायोडाटात ठेकेदाराचं नाव लिही, कंसात आपल्या कारखान्याचं.”

“बाकी काय लिहिलं?”

मॅडमनी पूर्ण उत्तर त्याला वाचून दाखवलं, ठरलेल्या वाक्यासकट. तो जरा थांबला. मग म्हणाला, ठेकेदाराची एक्झिट डेट पोर्टलवर टाकलेलीच नाही, ती जागा रिकामी आहे.

“त्याच्या ऑफिसला मी उद्या नाही, परवा फोन लावते. तू आज मेल कर, मला सीसी ठेव.”

५:२०. मामांनी गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधला. मॅडमनी फाइल त्यात घातली नाही, कपाटात खाली ठेवली, एक्झिट डेटचं काम होईपर्यंत. मग दुसऱ्या पाळीचे गेटपास पुढ्यात ओढले. ठेकेदाराची सहा नवी पोरं बाहेर उभी होती. पासवर त्यांनी नाव, ठेकेदार आणि आजची तारीख लिहिली, आणि तेच यादीत उतरवून घेतलं.