एबीसीच्या जागी एक-दोन-तीन

एक्सेलची शीट उघडावी आणि वर A, B, C ऐवजी 1, 2, 3 दिसावे, असे एखाद्या सकाळी घडते. डावीकडे ओळींचे आकडे असतातच, आता वरही आकडे. सेलवर क्लिक केले की ओळखीच्या `=B2*$F$1` च्या जागी `=RC[-1]*R1C6` असले काहीतरी दिसते. फाइल बिघडली, व्हायरस आला, कोणीतरी छेडछाड केली अशा शंका येतात. पण बेरजा तपासल्या तर एक पैसाही हललेला नसतो. बदलते ती फक्त सेलचा पत्ता लिहिण्याची पद्धत.

बहुतेक वेळा ही पद्धत आपण बदललेलीच नसते, ती दुसऱ्याच्या फाइलबरोबर आलेली असते. पत्ते कोणत्या पद्धतीने दाखवायचे ही नोंद एक्सेल फाइलमध्ये साठवते, आणि प्रोग्राम सुरू झाल्यावर जी फाइल पहिल्यांदा उघडेल तिची पद्धत त्या बैठकीपुरती सगळ्या फाइलींना लावते. समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारांना लेखापरीक्षकाकडून ईमेलने एक फाइल आली, ती आकड्यांच्या पद्धतीत जतन केलेली होती आणि सकाळी त्यांनी तीच आधी उघडली. त्यानंतर उघडलेला त्यांचा स्वतःचा देखभाल खर्चाचा तक्ताही आकड्यांतच दिसणार. तो तक्ता तसाच जतन केला, तर दुसऱ्या दिवशी तोच इतर फाइलींना लागण करणार. ‘काल नीट होतं, आज पुन्हा तेच’ या तक्रारीचे मूळ इथे आहे.

उपाय सोपा आहे. विंडोजवर `File` मधून `Options`, तिथे `Formulas`, आणि `Working with formulas` या गटातल्या `R1C1 reference style` समोरची खूण काढायची. अक्षरे लगेच परत येतात. मात्र त्यानंतर ती फाइल जतन केली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी ती पहिली उघडली की आकडे पुन्हा हजर. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना हीच निवड `Tools`, `Options`, `LibreOffice Calc`, `Formula` इथे मिळते.

एवढ्यावर विषय संपवता येईल. पण ती खूण काढण्याआधी त्या विचित्र फॉर्म्युल्याकडे जरा निरखून पाहावे असे मला वाटते, कारण तो अक्षरांच्या फॉर्म्युल्यापेक्षा जास्त खरे बोलतो.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत. 1979 साली आलेल्या व्हिजिकॅल्कमध्ये कॉलमला अक्षरे आणि ओळींना आकडे होते. मायक्रोसॉफ्टने 1982 मध्ये मल्टिप्लॅन काढला तेव्हा दोन्हींना आकडेच दिले: R म्हणजे ओळ, C म्हणजे कॉलम. पुढच्याच वर्षी आलेल्या लोटस 1-2-3 ने अक्षरांची पद्धत घेतली आणि बाजार जिंकला. 1985 मध्ये एक्सेल आले तेव्हा त्यात अक्षरांची पद्धत होती आणि मल्टिप्लॅनची R आणि C चीही. ती दुसरी पद्धत अजून आत आहे.

आता खजिनदारांचा तक्ता घेऊ. पहिल्या कॉलममध्ये सदनिका, दुसऱ्यात क्षेत्रफळ, तिसऱ्यात देखभाल खर्च. दर चौरस फुटाला 4 रुपये, आणि तो F1 या एकाच सेलमध्ये लिहिला आहे. अक्षरांच्या पद्धतीत C2 मध्ये `=B2*$F$1` असते, खालच्या ओळीत `=B3*$F$1`, त्याखाली `=B4*$F$1`. दिसायला हे तीन वेगळे फॉर्म्युले आहेत. आकड्यांच्या पद्धतीत मात्र तिन्ही ओळींत एकच मजकूर दिसतो:

```
=RC[-1]*R1C6
```

R पुढे आकडा नाही, म्हणजे हीच ओळ. `C[-1]` म्हणजे एक कॉलम डावीकडे. थोडक्यात, ‘याच ओळीतले डावीकडचे क्षेत्रफळ घे’. `R1C6` ला चौकटी कंस नाही, म्हणून तो पक्का पत्ता आहे: पहिली ओळ, सहावा कॉलम, म्हणजेच `$F$1`. कंसातला आकडा अंतर सांगतो, कंसाविना आकडा ठरलेली जागा सांगतो. खाली मोजायचे असेल तर अधिक आणि वर मोजायचे असेल तर उणे. कॉलममध्ये उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. फॉर्म्युला खाली ओढताना B2 चे B3 होते ते का, याचे उत्तर इथे उघड दिसते. अंतर तेच राहिलेले असते, आपण फक्त एक ओळ खाली आलेलो असतो.

हे न समजता आकड्यांच्या पद्धतीत टाइप करायला गेले की दोन प्रकारे फसगत होते. सवयीने `=B2*F1` लिहिले तर `#NAME?` येते, कारण या पद्धतीत B2 नावाचा पत्ताच नाही. ही चूक निदान ओरडून तरी सांगते. दुसरी गप्प बसते. B2 म्हणजे दुसरी ओळ, दुसरा कॉलम, असा हिशोब करून कोणी C2 मध्ये `=R2C2*R1C6` लिहिते. क्षेत्रफळ 650 असेल तर उत्तर 2600, अगदी बरोबर. मग तो फॉर्म्युला खाली ओढला की 720 चौरस फुटांच्या घरालाही 2600 (हवेत 2880) आणि 540 च्या घरालाही 2600 (हवेत 2160). `R2C2` हे B2 नसून `$B$2` आहे. ते जागचे हलत नाही. सगळ्या ओळींत एकच रक्कम दिसली की आधी कंस तपासावेत.

हीच पद्धत मुद्दाम चालू केली तर चुका शोधायला फार कामाची आहे. आकड्यांची पद्धत लावून `Ctrl` आणि `` ` `` दाबले, म्हणजे `1` च्या डावीकडची कळ, की उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसू लागतात. देखभालीच्या कॉलममध्ये 24 सदनिकांसमोर 24 वेळा तोच मजकूर दिसायला हवा. मध्येच सतराव्या ओळीत `=R[-1]C[-1]*R1C6` दिसले, तर त्या सदनिकेला वरच्या शेजाऱ्याच्या क्षेत्रफळावर बिल लागते आहे. अक्षरांच्या पद्धतीत ही चूक `=B16*$F$1` अशी दिसते, आणि वेगवेगळ्या आकड्यांच्या रांगेत तिच्यावरून नजर सहज घसरते. कोणी फॉर्म्युला पुसून हाताने 2400 टाइप केले असतील तर तेही लगेच उठून दिसते. बेरजेचेही तसेच. दुसऱ्या ते पंचविसाव्या ओळीतल्या 24 रकमांची सव्विसाव्या ओळीतली बेरीज अशी हवी:

```
=SUM(R[-24]C:R[-1]C)
```

तिथे `R[-23]` दिसले तर पहिली सदनिका बेरजेतून सुटली आहे. सदनिका मोजा, कंसातला आकडा बघा, पडताळणी झाली.

अर्थात रोजच्या कामाला अक्षरेच बरी. फोनवर ‘डी सात बघा’ म्हणणे सोपे, आणि तीस कॉलमच्या तक्त्यात `RC[-19]` नेमके कुठे पोचते हे बोटाने मोजत बसणे कोणालाही परवडत नाही. तपासणीपुरती ही पद्धत लावावी, मग काढावी आणि फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी अक्षरांत जतन करावी.

ती काढून टाकली तरी एक्सेलमध्ये तिच्या खुणा भेटत राहतात. मॅक्रो रेकॉर्ड केला तर फॉर्म्युला टाइप केल्याची नोंद `FormulaR1C1` या नावाने होते, स्क्रीनवर अक्षरे असली तरी. माउसने सेल निवडत ओढताना डावीकडच्या नावाच्या चौकटीत `5R x 3C` उमटते. आणि एखाद्या सेलला नुसते R किंवा C असे नाव द्यायला गेले, तर एक्सेल ते नाव घेत नाही. त्या चौकटीत R टाइप करून एंटर मारले की पूर्ण ओळ निवडली जाते.