आप, तुम आणि मधली वीस वर्षं

समजा, तो सोलापूरचा आणि ती बर्दवानची. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकताना भेटले, तीन वर्षं एकमेकांचे होते, मग घरं, नोकऱ्या आणि अंतर यांत ते संपलं. त्याला बांग्ला येत नव्हतं, तिला मराठी. जे काही झालं ते हिंदीत झालं, भांडणंसुद्धा. आता वीस वर्षांनी बॅचच्या ग्रुपवर तिचा नंबर दिसलाय आणि त्याला तिची खुशाली विचारायची आहे. त्याहून जास्त काही नको, पण परक्यासारखंही नको.

असा निरोप मातृभाषेत लिहिणंही सोपं नसतं. दुसऱ्या भाषेत त्याची अडचण वेगळीच होते. ती भाषा आपल्याला थोडी कमी चटका देते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, इंग्रजी मागाहून शिकलेल्या तुर्की भाषकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेतले सूक्ष्म बदल मोजले होते. लहानपणी खाल्लेल्या दटावण्यांना तुर्कीत अंगाने जितकी दाद दिली, तितकी इंग्रजीत दिली नाही. म्हणजे मराठीत लिहिताना जिथे हात थांबला असता, तिथे हिंदीत तो सरळ पुढे जातो आणि जास्त लिहून बसतो. तिच्यासाठी मात्र हिंदी ही निव्वळ दुसरी भाषा नव्हे, त्याच्या प्रेमाची भाषा आहे. त्याला लिहिताना हलकं वाटलेलं वाक्य तिच्यापर्यंत जड होऊन पोहोचू शकतं.

त्याचा पहिला मसुदा साधारण असा असेल: «हाय, पहचाना? कितने साल हो गए. तुम्हारी बहुत याद आती है. तुम खुश हो ना? जवाब ज़रूर देना.»

यात वाईट हेतूचं काही नाही, तरी जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलंय. «पहचाना?» हे कोडं आहे. अनोळखी नंबरवरून आलेलं कोडं बाईमाणसाला आधी भीती घालतं. «याद आती है» म्हणजे येत राहते, आजही येते. एवढ्या वर्षांनी हे ऐकणाऱ्या माणसाला त्यावर काहीतरी करावं लागतं. «खुश हो ना?» हा प्रश्न सरळ तिच्या लग्नाचा हिशेब मागतो. आणि «ज़रूर देना» हा आग्रह आहे, तो करायचा हक्क आता त्याला नाही.

खरी मेख मात्र संबोधनात आहे. मराठीत प्रेमाच्या माणसाला आपण ‘तू’ म्हणतो. (आजीने आजोबांना ‘तुम्ही’ म्हटलं, तो जमाना वेगळा.) त्यामुळे हिंदीतलं ‘तुम’ मराठी कानाला ‘तुम्ही’च्या जवळचं, जरा अंतर राखणारं वाटतं. बांग्लात नेमकं उलट आहे. तिथे ‘तुइ’ बालमैत्रिणीला आणि धाकट्या भावंडाला, ‘आपनि’ वडीलधाऱ्या किंवा परक्या माणसाला, आणि प्रियकर-प्रेयसी, नवरा-बायको यांच्यात चालतं ते ‘तुमि’. तो सावधपणे ‘तुम’ लिहील आणि तिला त्यात ती जुनी जवळीक ऐकू येईल. म्हणून घाबरून ‘आप’ लिहिलं, तर तिला ते दार लावून घेतल्यासारखं वाटेल. सर्वनाम गाळूनही सुटका नाही, कारण «बता देना» आणि «बताइएगा» यांत क्रियापदच ते बोलून जातं.

माझं मत असं, की तेव्हा जे म्हणत होतात तेच म्हणावं. ते दोघं ‘तुम’ म्हणत असतील, तर ‘तुम’च. मात्र ते एकदाच येऊ द्यावं आणि बाकीची वाक्यं इतकी साधी ठेवावीत, की त्या एका शब्दाला दुसरा अर्थ चिकटणार नाही.

मग निरोप असा होतो. नावं गाळतो, आणि प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत टाइप होईल. बांग्ला लिपीत वाढलेल्या, वीस वर्षांत हिंदीशी फारसा संबंध न उरलेल्या माणसाला देवनागरी वाचायला वेळ लागू शकतो.

«नमस्ते, मैं …, बड़ौदा फाइन आर्ट्स से. नंबर बैच के ग्रुप से मिला. ठीक न लगे तो बता देना, हटा दूँगा. तुमने जो बांग्ला की गिनती सिखाई थी, आज भी दस तक आती है, बस छह पर गाड़ी अटकती है. मैं अब सोलापुर में पढ़ाता हूँ. घर में पत्नी और एक बेटी है. उम्मीद है वहाँ सब अच्छे हैं. जवाब न भी आए तो कोई बात नहीं.»

पहिली ओळ इतकी कोरडी ठेवण्यामागे कारण आहे. फोन बंद असतानाही पडद्यावर तेवढीच दिसते, आणि तो फोन तेव्हा तिच्या मुलाच्या हातात असू शकतो. शिवाय नंबर तिचा असेलच असं नाही. आपल्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि ग्रुपमधली यादी जुनी असू शकते. निरोप भलत्याच माणसाने वाचला तरी कुणाचं काही बिघडू नये.

सगळी ऊब आकड्यांच्या ओळीत आहे. ती आठवण दोघांचीच आहे, तिसऱ्याला कळली तरी चालण्यासारखी आहे आणि तिच्यावर उत्तर द्यायची सक्ती नाही. आठवण निवडताना हेच पाहावं. गच्चीवरचा पाऊस नको, बसस्टॉपवरचा शेवटचा दिवस तर नकोच. त्या दिवसाबद्दल माफी मागायची असेल तरी ती या निरोपात नको, कारण माफी मागितली की समोरच्याला ती द्यायची की नाही हे ठरवावं लागतं.

बायको-मुलीचा उल्लेख फुशारकीसाठी नाही. त्यातून हेतू स्वच्छ होतो. हा निरोप बायकोला दाखवता येत नसेल, तर तो पाठवण्याआधी पुन्हा वाचावा. «जवाब न भी आए» मध्ये उत्तर ‘येतं’ किंवा ‘येत नाही’. «तुम जवाब न दो» म्हटलं असतं, तर न देण्याचं खापर तिच्यावर आलं असतं. आणि इथे आपली मुंबई-पुण्याची हिंदी आवरावी, «नहीं दिया तो भी चलेगा» हे बाहेरच्या कानाला बेफिकीर वाटतं.

निरोप दुपारी पाठवावा. रात्री अकराला आलेल्या याच वाक्यांचा अर्थ वेगळा होतो. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर ते उत्तरच समजावं. दुसरा निरोप नाही, वाढदिवसाला नाही, दुर्गापूजेलाही नाही. पाठवलेलं पुसूनही टाकू नये, कारण पुसल्याची खूण तिथे राहते आणि काय होतं याचा घोर तिला लागतो.

उत्तर आलं, तर ते आखूड आणि अडखळतं असू शकतं. «मेरा बेटी भी ड्रॉइंग करता है» असं काही. बांग्लात नामांना व्याकरणिक लिंग नसतं आणि न वापरलेली हिंदी आधी तिथेच गंजते, म्हणून आखूडपणाला तुटकपणा समजू नये आणि चुका तर मुळीच सुधारू नयेत. पाहायचं ते एवढंच, की तिने ‘तुम’ लिहिलंय की ‘आप’. ‘आप’ असेल, तर पुढच्या वाक्यापासून त्यानेही ‘आप’ म्हणावं, का ते न विचारता.