५८९ नॅनोमीटर म्हणजे किती मीटर?

सोडियमचा दिवा पेटवला की आधी मंद गुलाबी उजेड पडतो, कारण सुरुवातीला त्यातला निऑन वायू उजळतो. काही मिनिटांत सोडियमची वाफ होते आणि सगळी खोली पिवळीधमक दिसू लागते. या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे तीच भेटत आली आहे. बारकाईने पाहिले तर त्यात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन जवळजवळच्या रेषा असतात, पण साध्या गणिताला ५८९ पुरते. प्रश्न बहुधा असा असतो: सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर आहे, तर त्याची वारंवारता काढा.

सूत्र सोपे आहे. प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी म्हणजे वारंवारता. वेग दर सेकंदाला ३० कोटी मीटर, म्हणजे 3 × 10⁸ m/s. अडचण एवढीच की वेग मीटरमध्ये आणि तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये. घाईत सरळ 3 × 10⁸ ला 589 ने भागले तर उत्तर सुमारे ५ लाख ९ हजार हर्ट्‌झ येते. ही वारंवारता खरी असू शकते, पण ती रेडिओलहरीची. आकाशवाणीचा मीडियम वेव्हचा पट्टा जिथे सुरू होतो, त्याच्या किंचित अलीकडची. यात नवल नाही, कारण नॅनो हा शब्द गाळला की ५८९ मीटर लांबीची लहर उरते, आणि इतक्या लांब लहरी रेडिओच्याच असतात. म्हणजे भागाकार बरोबर झाला, पण दुसऱ्याच लहरीचा.

म्हणून आधी मीटर करायचे. या कामाचे दोन तुकडे आहेत. ते वेगळे ठेवले तर चूक करायला फारशी जागा उरत नाही. बहुतेक गोंधळ दोन्ही तुकडे एका उडीत उरकण्यातून होतो.

पहिला तुकडा म्हणजे नुसती शब्दाची अदलाबदल. नॅनो हा शब्द ग्रीकमधून आला, तिथे त्याचा अर्थ बुटका. आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत तो १९६० मध्ये अधिकृतपणे दाखल झाला आणि त्याला एकच नेमका अर्थ मिळाला: एक अब्जांश. मीटरचे शंभर कोटी सारखे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शंभर कोटी म्हणजे एकावर नऊ शून्ये, आणि त्यातला एक भाग म्हणजे दहाचा उणे नववा घात. तेव्हा ५८९ नॅनोमीटर लिहिलेले दिसले की ५८९ ला हात न लावता नॅनोच्या जागी त्याची किंमत ठेवायची:

589 nm = 589 × 10⁻⁹ m

इथे अजून कुठलीही आकडेमोड झालेली नाही. दशांश चिन्ह हललेले नाही. गंमत म्हणजे काम खरे तर इथेच संपले आहे. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारख्या आहेत आणि हीच संख्या सूत्रात घातली तरी उत्तर बरोबरच येईल.

दुसरा तुकडा मांडणीचा आहे. शास्त्रीय मांडणीत दशांश चिन्हाच्या डावीकडे एकच अंक ठेवायचा असतो, आणि तो शून्य नसावा. ५८९ मध्ये डावीकडे तीन अंक आहेत. म्हणून ५८९ चे ५.८९ गुणिले शंभर करायचे, आणि शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात:

589 × 10⁻⁹ = 5.89 × 10² × 10⁻⁹ = 5.89 × 10⁻⁷ m

दहाचे घात एकमेकांना गुणताना घातांकांची बेरीज होते. उणे नऊ आणि दोन यांची बेरीज उणे सात. मधली पायरी, म्हणजे 10² वेगळा लिहिण्याची, अनेक जण जागा वाचवायला गाळतात. ती गाळू नये. अर्धी ओळ जास्त लागते, पण त्या अर्ध्या ओळीतच चिन्हाचा निकाल लागतो.

ती गाळल्यावर काय होते ते कच्च्या कामाच्या पानावर दिसते. ‘दशांश चिन्ह दोन घरे डावीकडे सरकवले’ एवढे मनात असते, पण त्यामुळे घातांक दोनाने वाढवायचा की कमी करायचा हे आठवत नाही. मग उणे नवातून आणखी दोन वजा होतात आणि पानावर 5.89 × 10⁻¹¹ उमटते. घोकून ठेवलेला ‘डावीकडे म्हणजे अधिक’ हा नियम नेमका परीक्षेत उलटतो. त्यापेक्षा दोन्ही गुणकांचा हिशेब लक्षात ठेवावा: पुढची संख्या शंभरपट लहान केली, तर किंमत तीच राहण्यासाठी मागचा दहाचा घात शंभरपट मोठा व्हायला हवा. उणे नऊपेक्षा शंभरपट मोठा घात उणे सात, उणे अकरा नव्हे. उणे संख्यांत सात ही अकराहून मोठी, हे इथे पुन्हा एकदा मनाला बजावावे लागते.

उत्तराची पारख करायला याहून सोपी खूणही आहे. माणसाच्या डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान असतो. जांभळ्या टोकाचे ३८० मीटरमध्ये 3.8 × 10⁻⁷ होतात आणि लाल टोकाचे ७५० होतात 7.5 × 10⁻⁷. म्हणजे इंद्रधनुष्यातला कुठलाही रंग घ्या, मीटरमध्ये लिहिल्यावर घातांक उणे सातच येतो. रंगानुसार बदलतो तो फक्त पुढचा अंक. गणितात पिवळा, हिरवा, लाल अशा दिसणाऱ्या प्रकाशाचा उल्लेख असेल आणि घातांक उणे सहा, उणे आठ किंवा उणे अकरा आला असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. वर चुकून आलेली उणे अकराची लांबी हायड्रोजनच्या अणूच्या त्रिज्येएवढी आहे. एवढ्या लांबीच्या लहरी क्ष-किरणांच्या असतात, दिव्याच्या नव्हेत. आणि उण्याचे चिन्हच विसरून अधिक नऊ लिहिले, तर तरंगलांबी 5.89 × 10¹¹ मीटर होते. पृथ्वी ते सूर्य अंतराच्या जवळपास चौपट.

मीटर झाल्यावर वारंवारतेकडे वळता येते. महाराष्ट्राच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालते, आणि शास्त्रीय मांडणीचा खरा उपयोग तिथे जाणवतो. ५.८९ चा लॉग टेबलात ०.७७०१ मिळतो. घातांक उणे सात असल्याने पूर्ण तरंगलांबीचा लॉग ‘बार सात पूर्णांक ७७०१’ असा लिहितात. म्हणजे दशांश चिन्हाआधीचा भाग मांडणीतूनच आयता मिळतो, शोधायचा असतो तो फक्त पुढचा. ३ चा लॉग ०.४७७१, म्हणून वेगाचा लॉग ८.४७७१. वजाबाकी करताना बारचे सात उलटून अधिक होतात:

8.4771 + 7 − 0.7701 = 14.7070

०.७०७० चा प्रतिलॉग ५.०९३ आणि घातांक १४. वारंवारता सुमारे 5.09 × 10¹⁴ हर्ट्‌झ. हेच 0.000000589 असे लिहून करायला घेतले, तर दशांश चिन्हानंतरची सहा शून्ये दरवेळी बोटाने मोजावी लागली असती.

कॅल्क्युलेटरवर मात्र वेगळाच सापळा असतो. तरंगलांबी एक अखंड संख्या आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. 3 × 10^8 ÷ 5.89 × 10^−7 असे ओळीने टाइप केले, तर ते आधी ५.८९ ने भागते आणि मग दहाच्या उणे सातव्या घाताने गुणते. पडद्यावर नुसते 5.09 दिसते. अंक ओळखीचे असल्याने उत्तर बरोबर वाटते, पण ते चौदा घातांनी चुकलेले असते. तरंगलांबीला कंस घातला किंवा घातांकासाठीची खास कळ वापरली की हा घोळ होत नाही. त्या कळीतच ‘गुणिले दहा’ धरलेले असते. म्हणून ती दाबण्याआधी वेगळे × 10 दाबले, तर उत्तर दहापटीने चुकते.

दोन फटींच्या प्रयोगात रूपांतर एकाच राशीचे करून भागत नाही. समजा, फटींमधले अंतर ०.५ मिलिमीटर आहे, पडदा १ मीटरवर आहे आणि दिवा सोडियमचाच. पडद्यावरच्या लागोपाठच्या दोन उजळ पट्ट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचे अंतर, भागिले फटींमधले अंतर. मिली म्हणजे हजारावा भाग, म्हणून ०.५ मिलिमीटर होतात 5 × 10⁻⁴ मीटर.

W = (5.89 × 10⁻⁷ × 1) ÷ (5 × 10⁻⁴) = 1.18 × 10⁻³ m

म्हणजे १.१८ मिलिमीटर. पट्ट्या एवढ्या अंतरावर असल्या की भिंगाशिवायही सुट्या दिसतात. तरंगलांबीचे मीटर केले पण फटींचे मिलिमीटर तसेच ठेवले, तर उत्तर मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतके येते. तशा पट्ट्या डोळ्याला कधीच दिसल्या नसत्या, आणि प्रयोगात तर त्या समोर दिसत असतात.

जुन्या प्रश्नपत्रिकांत हीच तरंगलांबी ५८९० अँगस्ट्रॉम अशी सापडते. स्वीडनचे आँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा छापला, त्यात त्यांनी मीटरचा एक हजार कोटीवा भाग एकक म्हणून वापरला. हे एकक नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणून दहाचा उणे दहावा घात. रीत तीच: 5890 × 10⁻¹⁰, मग 5.89 × 10³ × 10⁻¹⁰, आणि पुन्हा 5.89 × 10⁻⁷ मीटर. एकक बदलले तरी लांबी तीच, तेव्हा उत्तर दोन्ही वाटांनी एकच यायला हवे.

तरंगलांबी ६०० नॅनोमीटर असेल तेव्हा ती 6 × 10⁻⁷ लिहावी की 6.00 × 10⁻⁷, हा प्रश्न फक्त शिस्तीचा नाही. दुसऱ्या मांडणीत तिन्ही अंक मोजून मिळाले आहेत असा दावा आहे, पहिलीत एकाच अंकाचा. ५८९ चे तीन अंक मात्र दोन्ही रूपांत तीनच राहतात. रूपांतराने मोजमापाची अचूकता वाढत नाही आणि कमीही होत नाही.

काही गणितांत हा सगळा खटाटोप मुळात करावाच लागत नाही. सोडियमचा प्रकाश पाण्यात शिरल्यावर त्याची तरंगलांबी किती होते असे विचारले, तर ५८९ ला पाण्याच्या अपवर्तनांकाने, म्हणजे १.३३ ने भागायचे. उत्तर ४४३ नॅनोमीटर. अपवर्तनांकाला एकक नसते, म्हणून तरंगलांबी ज्या एककात घातली त्याच एककात बाहेर येते. एकाच उपकरणात दिवा बदलल्यावर पट्ट्यांची रुंदी किती पट झाली, असे विचारणाऱ्या प्रश्नातही दोन तरंगलांबींचा भागाकारच लागतो आणि उणे नववा घात वर-खाली कटून जातो. मीटर लागतात ते सूत्रात प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक किंवा दुसरी एखादी लांबी शेजारी येऊन बसते तेव्हा.