लिव्हर बिघडलं, मग हिरड्यांतून रक्त का?



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून नवऱ्याचा रिपोर्ट काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टर म्हणतात दारूनं लिव्हर गेलंय. पण यांच्या तर हिरड्यांतून रक्त येतंय, घोळणा फुटतोय, जरा कुठं धक्का लागला की काळंनिळं होतंय. लिव्हरचा अन् ह्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर सगळ्यांसाठी लिहिते आहे.

बांध फुटला तर आपण काय करतो? आधी मातीच्या गोण्या टाकतो. पण नुसत्या गोण्या वाहून जातात, म्हणून त्यांना जाळीनं बांधून घ्यावं लागतं. जखम झाली की शरीरही तेच करतं. रक्तातल्या प्लेटलेट म्हणजे गोण्या. त्यांना धरून ठेवणारी जाळी प्रथिनांच्या धाग्यांची असते. हे धागे, आणि धागे विणायला लागणारी बहुतेक प्रथिनं, लिव्हरमध्येच तयार होतात.

आता त्या रिपोर्टमधले तीन आकडे बघा.

पहिला, आयएनआर १.८. हा साधारण १ च्या आसपास असतो. तो वाढला म्हणजे जाळी विणायला जास्त वेळ लागतो आहे. यातली काही प्रथिनं रक्तात फक्त काही तास टिकतात, म्हणून लिव्हरला ती रोज नव्यानं बनवावी लागतात. कारखाना मंदावला की हा आकडा लवकर वाढतो. डॉक्टर 'व्हिटॅमिन के'चं इंजेक्शन देऊन बघतात. ते या प्रथिनांचा कच्चा माल समजा. फक्त माल कमी असेल तर आकडा सुधारतो. यंत्रच बिघडलं असेल तर फारसा फरक पडत नाही.

दुसरा, प्लेटलेट ५८ हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. मग ह्या गेल्या कुठं? लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून नीट जात नाही, मागे तुंबतं. त्या तुंबाऱ्यानं प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, सुजते आणि प्लेटलेट तिच्यातच अडकून पडतात. शिवाय नव्या प्लेटलेट बनवायचा निरोपही लिव्हरच धाडतं, तोही कमी होतो. ताई रोज पपईच्या पानांचा रस देत होत्या. त्यानं पाणथरीची सूज किंवा मागचा दाब उतरत नाही.

तिसरा, अल्ब्युमिन २.३. हे साडेतीनच्या वर हवं. यानं थेट रक्तस्राव होत नाही, पण पायावर सूज आणि पोटात पाणी येतं. लिव्हरची प्रथिनं बनवायची ताकद किती उरली, हे मात्र यावरून कळतं. अशा लिव्हरनं बनवलेला जाळीचा धागाही कधीकधी सदोष असतो. भरपूर असला तरी नीट जुळत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. रक्त जास्त गोठू नये म्हणून लागणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं, तीही कमी होतात. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात. अशा माणसाला रक्तस्राव होऊ शकतो, तशी शिरेत गाठही होऊ शकते. म्हणून नुसता आकडा वाईट दिसला की "प्लेटलेट चढवा" असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. रक्त वाहत आहे का, काही ऑपरेशन आहे का, हे बघून ते ठरवतात.

खरी भीती हिरड्यांची नाही. तुंबलेलं रक्त वाट शोधतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्यातली एक फुटली तर रक्ताची उलटी होते, किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. लोहाच्या गोळीनंही शौचाला काळी होते, पण ती सहसा अशी चिकट आणि घाण वासाची नसते. शंका आली तरी थांबू नका. चक्कर, घाम, बरळणं असेल तर अजिबातच नाही. लगेच १०८ ला फोन करा. तोंडानं काही देऊ नका, कुशीवर झोपवा आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या.

घरी एवढं सांभाळा: दारू पूर्ण बंद. अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन, ॲस्पिरिन आणून देऊ नका. त्यानं पोटात रक्तस्राव वाढतो. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना लिव्हरचं आधी सांगा. आणि अन्ननलिकेच्या शिरा दुर्बिणीतून तपासायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. फुगलेली शीर फुटायच्या आधी सापडली तर गोळ्या देऊन किंवा तिला रबराचा पट्टा बांधून धोका कमी करता येतो.

त्या ताईंनी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. दुर्बिणीची तारीख मिळाली आहे. पपईचा रस बंद झाला, आणि घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी दवाखान्यात दाखवायला पिशवीत ठेवली आहे.

– तुमची क्षेत्र समन्वयक, जालना